यूपीआय आयडी दिल्यावर खाते क्रमांक कुठे राहतो?

प्रश्न : मी घरी मुलांना चित्रकला शिकवते. पालक फी भरण्यासाठी खाते क्रमांक मागतात आणि तो ग्रुपवर टाकायला मला नको वाटते. काही जण म्हणतात, फक्त यूपीआय आयडी द्या. पण खाते क्रमांक कोणाला सांगितलाच नाही तर पैसे माझ्याच खात्यात कसे येणार? आणि माझा आयडी मोबाइल क्रमांकाचाच आहे, तो दिला तर चालेल का?

उत्तर :

पैसे शेवटी खाते क्रमांकावरच जमा होतात. यूपीआयने हा नियम बदललेला नाही. तो क्रमांक कोणी शोधून द्यायचा, एवढेच तिथे बदलले आहे. एनईएफटीने पैसे पाठवताना खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड मिळवून ते बिनचूक भरण्याचे काम पाठवणाऱ्याकडे असते, म्हणून तो ते तुमच्याकडे मागतो. यूपीआयमध्ये तेच काम तुमच्या बाजूची एक बँक करते, तेही पैसे निघण्याच्या क्षणी आणि पाठवणाऱ्याच्या नजरेआड. मी बँकेत डिजिटल व्यवहारांच्या तक्रारी हाताळण्याचे काम करतो. या आयडीबाबतचे बहुतेक घोळ ‘नेमकी नोंद कोणाकडे असते’ हे माहीत नसल्यामुळे होतात, असा माझा अनुभव आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आयडीचे दोन भाग असतात. `@` च्या आधीचा भाग तुमचे निवडलेले किंवा ॲपने दिलेले नाव असतो. त्यानंतरच्या भागाला हँडल म्हणतात, आणि ते नाव कोणत्या बँकेच्या नोंदवहीत शोधायचे हे त्या हँडलवरून कळते. `@ybl` असेल तर येस बँकेच्या, `@oksbi` असेल तर स्टेट बँकेच्या, `@okhdfcbank` असेल तर एचडीएफसी बँकेच्या नोंदवहीत. इथे अनेकांचा असा समज होतो की हँडल ज्या बँकेचे, खातेही त्याच बँकेत असणार. तसे काही नाही. तुमचे खाते बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये असले तरी तुमच्या आयडीचे हँडल स्टेट बँकेचे असू शकते, कारण तुम्ही वापरत असलेल्या ॲपने यूपीआयच्या कामासाठी स्टेट बँकेशी करार केलेला असतो. म्हणजे आयडी पाहून तुमचा खाते क्रमांक तर कळत नाहीच, पण तुमची बँक कोणती हेही खात्रीने सांगता येत नाही.

ही नोंद तुम्ही ॲप सुरू केले त्या दिवशी तयार झाली. तुमच्या फोनमधून आपोआप एक एसएमएस गेला, त्यावरून सिमचा क्रमांक पडताळला गेला, तुम्ही बँक निवडली आणि त्या क्रमांकाशी जोडलेली खाती बँकेने ॲपला कळवली. तुम्ही त्यातले एक खाते निवडले. ‘या आयडीचे पैसे या आयएफएससी कोडच्या या खात्यात’ अशी ओळ तेव्हा हँडलच्या बँकेकडे लिहिली गेली. तुम्हाला स्वतःला खाते क्रमांक टाइप करावा लागला नसेल, तो याच कारणाने.

आता एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. समजा, तुमचा आयडी `chitravarg@abcbank` आहे (हे हँडल मी मुद्दाम काल्पनिक घेतले आहे), तुमचे खाते बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये आहे, आणि एका पालकाला त्याच्या कॅनरा बँकेतल्या खात्यातून १,५०० रुपये फी भरायची आहे.

पालक त्याच्या ॲपमध्ये तुमचा आयडी टाइप करतो. ॲप लगेच एक चौकशी पाठवते, आणि ती यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयके महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे जाते. एनपीसीआय हँडल पाहून ती ‘एबीसी’ बँकेकडे वळवते. तिथून ‘हा आयडी अस्तित्वात आहे आणि तो या नावाच्या व्यक्तीचा आहे’ एवढेच उत्तर परत येते. पालकाच्या पडद्यावर तुमचे नाव उमटते. अजून एकही रुपया हललेला नसतो.

नाव बरोबर वाटल्यावर पालक रक्कम भरतो आणि चार किंवा सहा आकडी यूपीआय पिन टाकतो. हा पिन कूटबद्ध होऊन त्याच्याच बँकेपर्यंत जातो. तो योग्य आहे की नाही हे कॅनरा बँक ठरवते, ॲप ठरवत नाही. पैसे देण्याची विनंती एनपीसीआयकडे पोहोचली की ती पुन्हा एकदा ‘एबीसी’ बँकेला विचारते, या वेळी नावापुरते नव्हे. `chitravarg` या नावापुढे कोणते खाते लिहिले आहे, हे ‘एबीसी’ बँक पाहते आणि खाते क्रमांक व आयएफएससी कोड एनपीसीआयला कळवते. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर याच टप्प्यावर आहे : खाते क्रमांक वापरला जातो, पण तो तुमच्या बाजूच्या बँकेकडून थेट एनपीसीआयच्या यंत्रणेत जातो, पालकाला तो दाखवण्याची गरजच पडत नाही.

त्यानंतर एनपीसीआय कॅनरा बँकेला १,५०० रुपये वळते करायला सांगते, तिचा होकार आला की बँक ऑफ महाराष्ट्रला ते जमा करायला सांगते, आणि दोन्हीकडे कळवते. हे सारे बहुधा काही सेकंदांत होते. शेवटी उरतो तो बारा आकडी संदर्भ क्रमांक, ज्याला बहुतेक ॲपमध्ये यूटीआर म्हणतात. तो दोघांच्याही व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. पुढे वाद झालाच तर बँकेला सर्वांत आधी तोच लागतो.

क्यूआर कोडचेही हेच आहे. त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत खाते क्रमांक दडलेला असेल अशी शंका अनेकांना असते. तो उलगडला तर साधारण अशी एक ओळ मिळते :

```
upi://pay?pa=chitravarg@abcbank&pn=Chitra%20Varg&am=1500&cu=INR
```

`pa` म्हणजे आयडी, `pn` म्हणजे कोड बनवणाऱ्याने लिहिलेले नाव, `am` म्हणजे रक्कम आणि `cu` म्हणजे चलन. खाते क्रमांक यात नसतो. `pn` मधले नाव मात्र कोड बनवणारा वाटेल ते लिहू शकतो, हे लक्षात ठेवा. याच पळवाटेमुळे पैसे देणाऱ्याला ॲपने बँकेच्या नोंदीतलेच नाव दाखवावे, क्यूआरमधले किंवा पाठवणाऱ्याने स्वतः जतन केलेले नव्हे, असा नियम एनपीसीआयने २०२५ मध्ये केला आणि त्यासाठी ३० जून २०२५ ही मुदत दिली.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. खाते क्रमांक झाकला गेला तरी तुमची ओळख झाकली जात नाही. कोणीही तुमचा आयडी ॲपमध्ये टाकून, एक पैसाही न पाठवता, बँकेतले तुमचे पूर्ण नाव पाहू शकतो. तुम्ही वर्गासाठी एखादे वेगळे नाव वापरत असाल आणि बँकेत तुमचे नाव आणि आडनाव दुसरेच असेल, तर पालकांना ते दुसरेच दिसेल. ही त्रुटी नाही. पैसे योग्य माणसाला जात आहेत ना, हे देणाऱ्याला तपासता यावे म्हणून मुद्दाम केलेली ती सोय आहे. ज्यांना नावही उघड होऊ द्यायचे नाही, त्यांच्या कामाचे हे साधन नाही, हे मी सरळ सांगतो.

मोबाइल क्रमांकाचा आयडी ‘चालतो’, पण तुम्हाला ज्याची काळजी आहे त्या दृष्टीने तो चांगला नाही. `@` च्या आधी दहा आकडे दिसले की तो आयडी पाहणाऱ्या प्रत्येकाला तुमचा फोन क्रमांक मिळतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे त्या क्रमांकासोबत तुमचे खरे नावही. माझ्या मते फोन क्रमांक आणि खरे नाव ही जोडी चुकीच्या हाती पडणे खाते क्रमांकापेक्षा जास्त त्रासाचे आहे, कारण फसवणुकीचे फोन या जोडीच्याच आधारे येतात : ‘मॅडम, तुमच्या खात्याचे केवायसी संपले आहे’ असे तुमचे नाव घेऊन कोणी बोलू लागले की ऐकणारा अर्धा विश्वास ठेवून बसतो. पालकांकडे तुमचा क्रमांक आधीच असेल तर या आयडीने नवे काही उघड होत नाही. तोच आयडी जाहिरातीवर, दारावरच्या फलकावर किंवा सगळ्यांना दिसणाऱ्या पानावर टाकणार असाल, तर अक्षरी आयडी करून घ्या. बहुतेक ॲपमध्ये प्रोफाइलमधल्या यूपीआय आयडीच्या भागात नवा आयडी तयार करण्याची सोय असते. एकाच खात्याला एकापेक्षा जास्त आयडी जोडता येतात, त्यामुळे जुना लगेच बंद करण्याची गरज नसते.

आणखी एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. ही झाकणूक दोन्ही बाजूंनी सारखीच अर्धवट असते. पालकाने पैसे पाठवले की तुमच्या व्यवहाराच्या नोंदीत त्याचे नाव आणि बहुधा त्याचा आयडी येतो, आणि त्याच्या पासबुकात तुमचा. म्हणून उद्या तुम्ही स्वतः कोणा अनोळखी विक्रेत्याला त्याच मोबाइल क्रमांकाच्या आयडीवरून पैसे दिले, तर तुमचा क्रमांक त्याच्याकडेही जाऊ शकतो. फक्त पैसे घेण्यापुरता विचार करून आयडी निवडू नये, तो यासाठी.

आता बिघाड कुठे होतो ते सांगतो. आयडी आणि खाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना जोडणारी एक ओळ मध्ये आहे, हे एकदा ध्यानात आले की ती ओळ जुनी होऊ शकते हेही ओघाने कळते. माझ्याकडे येणाऱ्या ‘पैसे आलेच नाहीत’ या तक्रारींपैकी अनेकांत पैसे आलेले असतात, पण ते दुसऱ्या खात्यात. माणसाने ॲपमध्ये मध्यंतरी दुसरे खाते जोडलेले असते, पैसे घेण्यासाठीचे मुख्य खाते म्हणून नकळत तेच निवडले गेलेले असते, आणि तो मात्र जुन्या खात्याचे पासबुक भरून आणतो. मुख्य खाते बदलण्याची रीत प्रत्येक ॲपमध्ये वेगळी असते. काही ॲपमध्ये प्रत्येक खात्याचा आयडी वेगळा असतो, काहींत एकाच आयडीमागे अनेक खाती ठेवून त्यातले एक मुख्य करता येते. तुमच्या ॲपमध्ये आयडीवर टिचकी मारल्यावर खाली कोणत्या बँकेचे आणि शेवटच्या कोणत्या आकड्यांचे खाते दिसते, ते एकदा पाहून ठेवा.

ओळ बदलता येते याचा फायदाही तेवढाच मोठा आहे. खाते दुसऱ्या बँकेत नेले तर ॲपमध्ये नवे खाते जोडून आयडी तोच ठेवता येतो का ते पाहा. तसे करता आले तर पालकांना काहीही कळवावे लागत नाही. हेच मोठ्या प्रमाणावर २०२४ मध्ये दिसले. रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे पेटीएम पेमेंट्स बँकेचे बहुतेक कामकाज १५ मार्चनंतर थांबणार होते. तेव्हा `@paytm` हे हँडल येस बँकेकडे वळवण्यात आले आणि दुकानांत चिकटवलेले जुने क्यूआर कोड बदलावे लागले नाहीत. मात्र ज्या दुकानदारांचे पैसे त्याच पेमेंट्स बँकेतल्या खात्यात जमा होत होते, त्यांना नवे खाते जोडावे लागले. पत्त्याची नोंद सांभाळणारी बँक बदलली तरी पत्ता टिकला, आणि ज्यांचे खातेच अडचणीत होते त्यांना फक्त खाते बदलावे लागले.

आयडी सांगताना होणारी चूक वेगळी. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला आणि तसा क्रमांक अस्तित्वातच नसला तर पैसे परत येतात. अक्षरी आयडीतले एखादे अक्षर चुकले किंवा हँडल चुकीचे पडले तर तो दुसऱ्याच कोणाचा खरा आयडी असण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी पैसे ‘यशस्वी’ होतात, आणि ज्याच्या खात्यात गेले त्याच्या संमतीशिवाय बँक ते सहसा परत काढू शकत नाही. म्हणून आयडी तोंडी सांगू नका. लिखित पाठवा किंवा क्यूआर द्या, आणि ‘पैसे पाठवण्याआधी हे नाव दिसले पाहिजे’ असे म्हणून तुमचे बँकेतले नाव त्याच संदेशात लिहा. या एका ओळीने बहुतेक चुका पिन टाकण्याआधीच थांबतात.

पालकाच्या खात्यातून पैसे वजा झाले आणि तुमच्याकडे आले नाहीत, तर दोघांनीही गोंधळून लगेच दुसऱ्यांदा व्यवहार करू नये. दोन व्यक्तींमधल्या व्यवहारात असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत गेले पाहिजेत, आणि त्याहून उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तक्रार पालकाने त्याच्या ॲपमधून त्या व्यवहारावर जाऊन करायची असते. पैसे मिळाले की नाही हे ठरवताना पालकाने पाठवलेला स्क्रीनशॉट पाहू नका. तुमच्या खात्यातली नोंद पाहा. स्क्रीनशॉट बनवता येतो, खात्यातली नोंद बनवता येत नाही.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो, तुम्हालाही सांगतो. पिन टाकला की तुमच्या खात्यातून पैसे जातात, येत नाहीत. पूर्वी कोणीही तुमच्या आयडीवर पैशांची ‘मागणी’ पाठवू शकत असे आणि ‘हे स्वीकारा म्हणजे फी जमा होईल’ असे सांगून लोकांना फसवले जात असे. व्यक्तींमधल्या अशा मागण्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्या. व्यापाऱ्यांकडून येणारी मागणी अजून येऊ शकते, त्यामुळे पैसे घेण्यासाठी पिन न टाकण्याची सवय सोडू नका.

खाते क्रमांक देणे मुळात धोक्याचे आहे का? याबाबत माझे मत बहुतेकांपेक्षा थोडे सौम्य आहे. नुसता खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड माहीत असल्याने कोणी तुमचे पैसे काढू शकत नाही. तुम्ही ज्याला चेक देता त्याच्या हाती तो क्रमांक जातोच. त्याची खरी अडचण अशी की तो कायमचा असतो. एकदा पन्नास जणांच्या ग्रुपवर गेला की परत घेता येत नाही, आणि तो बदलायचा म्हणजे खातेच बदलायचे. आयडी त्रासदायक वाटू लागला तर तो काढून टाकता येतो, खात्याला धक्का न लावता.

काही ठिकाणी आयडीने भागत नाही. तुम्हाला एखाद्या शाळेत अर्धवेळ काम मिळाले तर पगारासाठी त्यांचे कार्यालय खाते क्रमांक आणि रद्द केलेला चेक मागेल, आणि तो द्यावा लागेल. व्यक्तींमधल्या यूपीआय व्यवहाराला साधारणपणे दिवसाला एक लाख रुपयांची मर्यादा असते, काही बँका त्याहून कमी ठेवतात. चित्रकलेच्या मासिक फीला ती आड येणार नाही, पण कोणी वर्षभराची मोठी रक्कम एकदम देणार असेल तर लक्षात असू द्या.

तुमच्या जागी मी असतो तर फीसाठी वेगळे बचत खाते उघडले असते, त्याला अक्षरी आयडी जोडला असता आणि ग्रुपवर फक्त त्याचा क्यूआर टाकला असता. आयडी तयार झाल्यावर घरातल्या कोणाला तरी त्यावर एक रुपया पाठवायला सांगा. त्याच्या पडद्यावर कोणते नाव आले ते विचारा, आणि तो रुपया नेमक्या कोणत्या खात्यात उमटला ते स्वतः पाहा. दोन्ही जागी हवे तेच दिसले की मग तो पालकांना द्या.